चौथ्या मजल्यावरचं उघडं दार

आमच्या पहिल्या डेकमध्ये १७ स्लाइड होत्या आणि पहिल्याच स्लाइडवर बंद पडलेल्या लिफ्टमध्ये घाबरून उभ्या असलेल्या एका आजींचा फोटो होता. आजी आमच्याच सोसायटीतल्या. लिफ्ट चांगली चालू होती. फोटोसाठी मीच त्यांना आत उभं केलं होतं आणि "थोडं घाबरल्यासारखं करा ना" अशी विनंती केली होती. फोटो इतका झकास आला की त्यानंतर काही बोलायची गरजच नाही असं मला वाटत होतं.

ऑगस्ट २०२३. मुलुंडहून लोकलनं घाटकोपर, तिथून मेट्रोनं चकाला. तिथल्या एका छोट्या ऑफिसात ज्यांच्यासमोर मी तो फोटो दाखवला, त्या गृहस्थांनी स्वतःचा कारखाना विकला होता आणि आता ते नव्या कंपन्यांमध्ये थोडे थोडे पैसे घालत. ते गुजराती, मी मराठी, बोलणं मुंबईच्या हिंदीत. तिसऱ्या स्लाइडवर त्यांनी मला थांबवलं.

"या आजी तुम्हाला पैसे देणार?"

"नाही, सोसायटी देईल."

"कुठल्या सोसायटीनं दिले?"

आता यावर काय बोलणार? आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी खुद्द माझे बाबा. त्यांनाही हा विषय कमिटीत मंजूर करून घेता आला नव्हता. "एएमसीवाला आहे ना, त्याला पैसे देतोच की" असं म्हणून कमिटीनं तो बाजूला ठेवला होता. माझ्या उरलेल्या १४ स्लाइड त्या दिवशी बघायच्या राहिल्याच.

आमची वस्तू काय होती ते सांगते. मी आणि माझा भागीदार, दोघंही इलेक्ट्रॉनिक्सवाले. तो बोरिवलीचा. लिफ्टच्या मशीनरूममध्ये बसवायची एक डबी आम्ही बनवली होती. ती कंप मोजायची, तापमान मोजायची, किती फेऱ्या झाल्या ते मोजायची आणि लिफ्ट बंद पडली की रहिवाशांच्या मोबाइलवर निरोप पाठवायची. डबीचा खर्च ७,४०० रुपये. मुलुंडमध्ये ४१ लिफ्टना ती बसवली होती आणि डेकमध्ये ‘४१ लिफ्ट’ हा आकडा मोठ्या ठळक अक्षरांत होता. त्या सगळ्या फुकट बसवलेल्या होत्या, हे डेकमध्ये नव्हतं.

घाटकोपरला पंतनगरात बाबांचे एक जुने स्नेही राहतात. निवृत्त सीए, मी त्यांना काकाच म्हणते. परतीच्या वाटेवर त्यांच्याकडे गेले. काकांनी लॅपटॉप बाजूला सरकवला आणि कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या मागच्या बाजूला पाच शब्द लिहिले : अडचण, उपाय, बाजार, आतापर्यंत काय झालं, किती पाहिजेत. मग म्हणाले, "अगं, या पाचही ठिकाणी एकच माणूस दिसला पाहिजे. अडचण आजीची, उपाय रहिवाशांच्या मोबाइलवर, बाजार सोसायट्यांचा, आणि वापर फुकट्यांचा. यातला खिशात हात घालणारा कोण? तो सापडला की मग पहिली स्लाइड लिही."

लिफ्टच्या धंद्यात रोज खिशात हात घालणारा माणूस म्हणजे देखभालीचा ठेकेदार. मोठ्या लिफ्ट कंपन्यांची स्वतःची माणसं असतात, पण उपनगरांतल्या जुन्या इमारतींचं काम बहुतेक छोट्या ठेकेदारांकडे असतं. त्याचं नाव आणि फोन नंबर लिफ्टमध्ये बटणांच्या वर चिकटवलेला असतो. असाच एक नंबर फिरवून मी घाटकोपर पश्चिमेच्या एका ठेकेदाराकडे पोचले. त्याच्याकडे १८० लिफ्ट होत्या आणि तक्रारींचं एक लांबडं रजिस्टर होतं. ते त्यानं मला बसून वाचू दिलं.

तीन महिन्यांत ३१० तक्रारी. त्यातल्या ८८ नोंदींपुढे मेकॅनिकनं एकच वाक्य वेगवेगळ्या हस्ताक्षरांत लिहिलं होतं : ‘दार उघडं होतं. लावलं. लिफ्ट चालू.’

जाळीच्या दाराच्या लिफ्टमध्ये राहिलेल्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. मजल्यावरची जाळी आणि लिफ्टची आतली जाळी, प्रत्येकीला एक संपर्क असतो आणि हे सगळे संपर्क एकाच साखळीत जोडलेले असतात. कुठलीही एक जाळी दोन बोटं उघडी राहिली की साखळी तुटते आणि लिफ्ट हलत नाही. हलूही नये, ती सुरक्षिततेचीच सोय आहे. चौथ्या मजल्यावर कुणी दूधवाला दार न ओढता जिन्यानं उतरून गेला की खाली उभा असलेला माणूस बटण दाबत राहतो आणि शेवटी ठेकेदाराला फोन करतो. मेकॅनिक विक्रोळीहून मोटरसायकलवर येतो, जिना चढतो, जाळी ओढतो आणि परत जातो. पगार, पेट्रोल आणि रस्त्यातला वेळ धरून ठेकेदारानं अशा एका फेरीचा खर्च ३५० रुपये सांगितला. महिन्याला साधारण २९ फेऱ्या, म्हणजे दहा हजारांच्या आसपास रुपये नुसत्या जाळ्या ओढण्यात.

रजिस्टरनं आणखी एक गोष्ट दाखवली, ती मला बोलून कळली नसती. त्या ८८ फेऱ्या १८० लिफ्टमध्ये पसरलेल्या नव्हत्या, फक्त ३२ लिफ्टच्या होत्या. सगळ्या जुन्या, जाळीच्या, वर्दळीच्या. कुठे खाली दवाखाना, कुठे वर क्लास.

आता नव्या डेकची पहिली स्लाइड म्हणजे त्या रजिस्टरच्या एका पानाचा फोटो. इमारतींची नावं झाकलेली, ‘लावलं. लिफ्ट चालू’ या ओळींखाली लाल रेघ. त्याखाली एक वाक्य : १८० लिफ्टच्या ठेकेदाराचे महिन्याला दहा हजार रुपये उघडी दारं लावण्यात जातात. गुंतवणूकदारासमोर अडचण मांडताना ती किती वेळा येते, कुणाला येते आणि आज तिच्यावर किती खर्च होतो, ही तीन उत्तरं असली की पुरे. आजींच्या फोटोत यातलं एकही उत्तर नव्हतं. आजी थोड्या रुसल्या, ती गोष्ट वेगळी.

उपायाची स्लाइड लिहिताना डबीचे हातपाय तोडावे लागले. कंप, तापमान आणि रहिवाशांसाठीचं ॲप, तिन्ही गेलं. भागीदाराला याचं फार वाईट वाटलं, कारण कंप मोजायचा भाग त्यानं आठ महिने खपून केला होता. उरल्या दोनच गोष्टी : दारांची साखळी तुटली आहे का, आणि लिफ्ट कुठल्या मजल्यावर उभी आहे. लिफ्ट ज्या मजल्यावर थांबलेली असते तिथलीच जाळी उघडता येते, बाकीच्या मजल्यांच्या कुलपात असतात. म्हणून एवढ्या दोन खुणांवरून ‘चौथा मजला, दार उघडं’ असा निरोप वॉचमनच्या फोनवर जाऊ शकतो. डबी साखळीवर फक्त कान लावून बसते, तिच्यात हात घालत नाही. डबी बंद पडली तरी लिफ्टवर काही परिणाम होत नाही, हे वाक्य आम्ही स्लाइडवर मुद्दाम लिहिलं, कारण प्रत्येक ठेकेदाराचा पहिला प्रश्न तोच होता. खर्च ७,४०० वरून २,६०० रुपयांवर आला, बसवण्याचे ६०० वेगळे.

भाडं आम्ही ठेकेदाराशी बोलून ठरवलं : एका लिफ्टला महिना १५० रुपये, आणि डबी फक्त त्या ३२ लिफ्टना. त्याला महिन्याला ४,८०० रुपये पडणार होते. सगळ्या १८० लिफ्टना डबी बसवा असा आग्रह आम्ही धरला असता तर त्याच्या बचतीपेक्षा आमचं बिलच मोठं झालं असतं. १५० पैकी सिमकार्ड आणि सर्व्हरचे ४० गेले की आम्हाला ११० उरतात. ३,२०० रुपये वसूल व्हायला २९ महिने. काकांनी हा आकडा पाहून चष्मा काढून ठेवला. मग आम्ही प्रत्येक डबीमागे १,५०० रुपये, परत न मिळणारे, सुरुवातीलाच घ्यायचं ठरवलं. आमचे अडकणारे पैसे १,७०० वर आले आणि वसुली १५-१६ महिन्यांवर. ठेकेदारानं कुरकुर केली, पण दिले.

बाजाराची स्लाइड. पहिल्या डेकमध्ये मी देशभरातल्या लिफ्टचा एक भला मोठा आकडा कुठूनसा उचलला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘यातला फक्त एक टक्का मिळाला तरी...’ हे वाक्य मी आता इतरांच्या डेकमध्ये वाचते तेव्हा मला माझीच लाज वाटते. तो एक टक्का कुठल्या गल्लीत राहतो, हे लिहिणाऱ्याला माहीत नसतं.

नव्या डेकसाठी आम्ही मोजायला निघालो. मी मुलुंड आणि घाटकोपर घेतलं, भागीदारानं बोरिवली. शनिवार-रविवारी इमारतींमध्ये शिरायचं, वॉचमनला सांगायचं, लिफ्टमधल्या स्टिकरचा फोटो काढायचा. पाच आठवड्यांत ६४ वेगवेगळ्या ठेकेदारांची नावं मिळाली. त्यातल्या २७ जणांशी बोललो. सरासरी एकाकडे १४० लिफ्ट निघाल्या. म्हणजे तिन्ही उपनगरांत मिळून साधारण नऊ हजार. पहिल्या ठेकेदाराकडे सहातली एक लिफ्ट त्रासाची होती, तेच प्रमाण धरलं तर दीड हजार. दीड हजार गुणिले वर्षाचे १,८०० : वर्षाला २७ लाख रुपये.

रात्री अकराला मी भागीदाराला फोन केला. म्हटलं, गुणाकार पुन्हा करून बघ. त्यानं केला. २७ लाखच आले.

अख्खी मुंबई आणि ठाणं याच्या दहापट धरलं, आणि एकही लिफ्ट सुटली नाही असं मानलं, तरी वर्षाला २ कोटी ७० लाख. आमचा सगळा बाजार एवढाच. भागीदार म्हणाला, जुना आकडाच राहू दे, सगळेच टाकतात. आमचं तेव्हाचं भांडण दोन दिवस चाललं. शेवटी नवीन आकडा डेकमध्ये गेला, आणि कसा मोजला तेही एका ओळीत गेलं.

‘आतापर्यंत काय झालं’ यासाठी आम्ही सहा महिने थांबलो, आणि तोवर पुन्हा डेक दाखवायला गेलो नाही. फुकटच्या ४१ डब्या काढून आणल्या. नव्या डब्या तीन ठेकेदारांकडे बसवल्या, एकूण ७०, सगळ्या पैसे घेऊन. स्लाइडवर एकच तक्ता ठेवला : पहिल्या महिन्यात ७० लिफ्टचं भाडं आलं, सहाव्या महिन्यात ५२ लिफ्टचं. पहिल्या ठेकेदाराच्या बिनकामाच्या फेऱ्या तीन महिन्यांत ८८ वरून ३१ वर आल्या. शून्यावर का नाही, तर रात्री वॉचमन फोन उचलत नाहीत. एकूण किती लिफ्टना डबी बसवली, हा आकडा वाढतच जातो, त्यामुळे तो कुणालाही चांगला दाखवता येतो. सहाव्या महिन्यात पैसे कोण देतंय, हा आकडा खोटं बोलत नाही. गेलेल्या १८ लिफ्टची कारणंही आम्ही लिहिली. ११ इमारतींत दिवसा वॉचमनच नव्हता. उरलेल्या ७ इमारती पुनर्विकासाला गेल्या.

त्या ७ या आकड्याकडे मी तेव्हा नीट पाहिलं नाही.

शेवटची स्लाइड, किती पाहिजेत. पहिल्या डेकवर ‘७५ लाख, १० टक्के’ असं होतं. शार्क टँक बघून घरोघरी असं बोलायची सवय लागली आहे. काकांनी कॅलेंडरवर भागाकार केला : ७५ लाखांना १० टक्के म्हणजे पैसे आल्यानंतर कंपनीची किंमत साडेसात कोटी. "आणि महिन्याचं भाडं किती येतं?" ५२ गुणिले १५०, म्हणजे ७,८०० रुपये. काका हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

मग रक्कम कामावरून काढली. पुढच्या १२ महिन्यांत आणखी ६०० लिफ्ट. डब्यांचे, ठेकेदाराचे दीड हजार वजा करून, १० लाख २० हजार. डब्या बसवणारी दोन मुलं, २२ हजार महिना, वर्षाचे ५ लाख २८ हजार. आम्हा दोघांना प्रत्येकी २५ हजार, वर्षाचे ६ लाख. डबीच्या नव्या नमुन्याला आणि चाचण्यांना ३ लाख. बेरीज साडेचोवीस लाखांच्या जवळ, म्हणून २५ लाख. समोर लिहिलं : हे पैसे संपतील तेव्हा या ६०० लिफ्टचं महिन्याला ९० हजार भाडं येत असेल. नुसतं ‘मार्केटिंग ३० टक्के, टेक्नॉलॉजी ४० टक्के’ असा रंगीत गोल काढला की समोरच्याला पैसे कुठे जाणार ते कळतं, पण ते संपल्यावर कंपनी कुठे उभी असेल ते कळत नाही.

पैसे कुठल्या रूपात घ्यायचे, याचाही घोळ होता. डीपीआयआयटीची मान्यता असलेल्या कंपनीला कन्व्हर्टिबल नोट काढता येते, म्हणजे आज कर्ज आणि पुढे शेअर. कंपनीची किंमत आज ठरवायची कटकट त्यात टळते. पण त्या नोटेवर एका माणसाकडून एका हप्त्यात किमान २५ लाख यावे लागतात. पाच जणांकडून पाच-पाच लाख घ्यायचे तर नोट चालत नाही, शेअर काढावे लागतात आणि बहुतेक वेळा किंमत ठरवावी लागते. हे आधी माहीत नसलं तर मागणीची स्लाइड बैठकीतच कोसळते. आम्ही लिहिलं : २५ लाख, एकाच गुंतवणूकदाराकडून, नोटेवर.

मार्च २०२४ मध्ये मी पुन्हा चकाल्याला गेले. नऊ स्लाइड. या वेळी त्यांनी मला एकदाही थांबवलं नाही. रजिस्टरचं पान मोठं करून पाहिलं, वसुलीचे महिने स्वतः मोजले. मग गेलेल्या लिफ्टच्या तक्त्यावर बोट ठेवलं.

"या सात इमारती पाडल्या?"

"हो, पुनर्विकास."

"नवीन टॉवरमध्ये जाळीची लिफ्ट येणार?"

येणार नव्हती. आपोआप मिटणारी दारं येणार होती आणि देखभाल बहुतेक मोठ्या कंपनीकडे जाणार होती. आमचा २७ लाखांचा बाजार छोटा तर होताच, वर दरवर्षी बुलडोझरखाली जात होता. मुलुंडला आमच्याच गल्लीत तीन इमारतींवर पत्रे लागले होते. रोज त्यांच्यासमोरून जात होते मी.

त्यांनी पुढे जे सांगितलं ते फार सरळ होतं. "मी दहा कंपन्यांत पैसे घालतो. सहा-सात बुडतात, दोन पैसे परत करतात. उरलेल्या एकीनं सगळ्यांचं भरून काढायचं असतं. त्यासाठी ती वीस-तीस पट मोठी व्हायला जागा पाहिजे. तुमच्याकडे ती जागा नाही. तुमचं दुकान चांगलं आहे. दुकानाला माझे पैसे घेऊ नका, मी तुम्हाला सुखानं चालवू देणार नाही." सरकारच्या सीड फंड योजनेत तेव्हा नमुना बनवायला २० लाखांपर्यंत मिळत, ते बघा असंही त्यांनी सुचवलं. पण अर्जाच्या वेळी कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नसावी अशी अट होती, आणि आमची तेव्हा नुकतीच त्या पलीकडे गेली होती.

मेट्रोत बसल्यावर मला राग यायला हवा होता. पण त्यांनी जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर आमच्याच तक्त्यात होतं, आम्हीच लिहिलेलं. पहिल्या डेकवर कुणी चुकून ७५ लाख दिले असते, तर हे आम्हाला ते संपल्यावर कळलं असतं.

घाटकोपरला उतरून मी त्या ठेकेदाराकडे गेले आणि त्याच नऊ स्लाइड त्याला दाखवल्या. त्यानं बाजाराची स्लाइड झरझर पुढे सरकवली, त्याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. शेवटच्या स्लाइडवर थांबून म्हणाला, "ताई, पाडायच्या तेव्हा पाडतील. तोवर दहा वर्षं दारं मीच लावायची का?" आठवडाभरात त्यानं आणि त्याच्या ओळखीच्या दोघा ठेकेदारांनी मिळून २०० डब्यांचे आगाऊ १,५०० प्रमाणे तीन लाख रुपये दिले. या डब्यांच्या खर्चातले उरलेले ३ लाख ४० हजार आम्ही दोघांनी आपापल्या मुदत ठेवी मोडून घातले. हिस्सा कुणालाच द्यावा लागला नाही.

त्या २०० डब्या आता लागलेल्या आहेत. आम्हा दोघांचा पगार त्यातून निघत नाही, डब्या बसवणाऱ्या दोन मुलांचाही जेमतेम अर्धा निघतो. म्हणून मी दिवसा नोकरी करते आणि भागीदार डब्या सांभाळतो. आपोआप मिटणाऱ्या दारांसाठी काही करता येईल का, यावर तो काम करतोय. ते जमलं तर पुन्हा पाच कागद मांडू, आणि बाजाराचा कागद सर्वात आधी लिहू.

तोवर तुम्ही जुन्या इमारतीत राहत असाल, तर लिफ्टमधून उतरल्यावर जाळी खट् असा आवाज येईपर्यंत ओढा. आमचं नुकसान झालं तरी चालेल.